चार हजार एकशे ब्याण्णव शब्दांची तूट

घरात तिला सगळे 'अंदाजपत्रक' म्हणत. नाव नवऱ्यानं ठेवलेलं. पाहुणे किती वाजता उठतील, गॅसची टाकी कोणत्या वारी संपेल, हे ती आधीच सांगून मोकळी व्हायची, आणि वर ते खरंही व्हायचं.

ही सवय काही जन्माची नव्हती. बावीस वर्षांपूर्वी, भाषांतराचं काम नवंनवं असताना, एका प्राध्यापकाचं बाड तिनं नुसतं हातात धरून, वरखाली करून 'दोन महिने' असं सांगून टाकलं होतं. बाड शेवाळावर होतं. सात महिने ती शेवाळात रुतून बसली, आणि पैसे मिळाले दोन महिन्यांचे. तेव्हापासून ती कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय कुणाला आकडा सांगत नसे.

एका सकाळी वजनमापं तपासणारे एक निवृत्त इन्स्पेक्टर दारात उभे राहिले. मागे त्यांची बायको, आणि दोघांच्या मध्ये चाकांची बॅग. बॅगेत हातानं लिहिलेली एक हजार दोनशे चाळीस पानं होती.

"माझं आयुष्य आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "नातवंडं परदेशात वाढली. त्यांना आमची भाषा वाचता येत नाही. त्यांच्या भाषेत करून हवंय. किती पडेल आणि किती दिवस लागतील?"

"चार दिवस द्या. बघून सांगते."

तिनं सुरुवातीची पानं मोजली नाहीत. सुरुवातीला माणूस जपून, बारीक अक्षरात लिहितो आणि पुढे सैल सुटतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं साधारण दर शंभर पानांमागे एक, अशी बारा पानं काढली आणि प्रत्येकावरचे शब्द मोजले. सरासरी आली एकशे नव्वद. म्हणजे एकूण दोन लाख पस्तीस हजार सहाशे. मग तिनं मजकूर चाळला. तीन हिस्से सरळ गोष्टी होत्या: बदल्या, भांडणं, खोट्या मापांच्या धाडी. एक हिस्सा काट्यांच्या रचनेचा आणि दोषांच्या तक्त्यांचा. सरळ मजकूर दिवसाला दीड हजार शब्द, तांत्रिक आठशे. सरळला शब्दामागे दीड रुपया, तांत्रिकला दोन.

तपासणीचं काम तिच्या नणंदेकडे असे. नणंदबाई छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या. दिवसाला चार हजार शब्द, शब्दाला पाव, आणि चूक सापडली की दिवसभर आनंद.

"मी तुझ्या मागोमाग तपासत येईन," नणंदबाई म्हणाल्या. "तू संपवलंस की मला पंधरा दिवस पुरेत. पण त्या साहेबांच्या वाचनाला महिना धर. असली माणसं स्वल्पविरामावर अडतात."

भाषांतराचे एकशे ब्याण्णव दिवस, वर पंधरा आणि तीस. आठवड्याचे कामाचे पाच दिवस धरून अठ्ठेचाळीस आठवडे होत होते. ताप-सर्दीसाठी चार आठवडे वाढवून तिनं एक वर्ष लिहिलं. रक्कम चार लाख एकेचाळीस हजार सातशे पन्नास. खाली सही केली आणि कागद पाठवून दिला.

अकरा दिवसांनी इन्स्पेक्टर परत आले. चेहरा धाड घालायला आल्यासारखा.

"मी सगळे शब्द मोजले," ते म्हणाले. "दोनदा. दोन लाख एकतीस हजार चारशे आठ. तुमच्या कागदात चार हजार एकशे ब्याण्णव शब्द जास्त आहेत."

"म्हणजे शेकड्याला दोनसुद्धा नाही," ती जरा सुखावूनच म्हणाली. "उत्तम. तुमचा आकडा घेऊ. रक्कम कमी करून देते."

"कमी कशी कराल? कागदावर तुमची सही आहे!"

"नवा कागद देते ना."

"बाई, मी एवढ्याशा फरकावर दुकानांना सील ठोकलंय. आकडे जुळत नाहीत म्हणजे एकतर कागद खोटा, नाहीतर बाड खोटं. तुमच्या कागदाला मी हात लावू शकत नाही. बाड मात्र माझं आहे." ते उठले. "तूट मी भरून देतो."

ती दारापर्यंत 'अहो साहेब, अहो साहेब' करत गेली. उपयोग झाला नाही.

तीन आठवड्यांनी इन्स्पेक्टर आणि त्यांची बायको, काकू, दोघं पुन्हा हजर. चार हजार एकशे ब्याण्णव शब्दांचं नवं प्रकरण, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. काट्यांबद्दल सांगायचं काही उरलं नव्हतं म्हणून इन्स्पेक्टरांनी ते बायकोवर लिहिलं होतं. बाराशे पानांत तिचा उल्लेख दोनदाच होता. एकदा डबा विसरल्याबद्दल आणि एकदा डबा पोचवल्याबद्दल.

"आधी याच्यात मी नुसती गप्प बसलेली होते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, मी चाळीस वर्षांत कधी गप्प बसले? मग माझं बोलणं मी सांगितलं, यांनी लिहून घेतलं."

तिनं पानं वाचली आणि हसता हसता तिला घाम फुटला. काकू नवऱ्याला झापत होत्या, पानोपानी. 'आला मोठा मापं काढणारा, स्वतःच्या पोटाचा घेर कळत नाही मेल्याला!' काट्याच्या दांडीला परभाषेत शब्द होता. 'मेल्या'ला नव्हता, निदान प्रेमानं म्हटलेल्या 'मेल्या'ला तरी नव्हता.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "शब्द जुळले, पण हे तांत्रिकपेक्षा अवघड आहे. याचे दिवसाला चारशेच होतील. दर तीन. म्हणजे रक्कम बदलली."

इन्स्पेक्टर खुर्चीतच खचले. "मग त्याच किमतीचं काहीतरी काढून टाकतो. तक्ते काढतो."

"मग शब्द पुन्हा कमी होतील."

"मग आणखी लिहितो!"

"मला अजून बरंच सांगायचं राहिलंय," काकू म्हणाल्या.

आतल्या खोलीतून नणंदबाईंचा हसू दाबल्याचा आवाज आला. अंदाजपत्रकानं कोरा कागद ओढला आणि लिहिलं: शब्दसंख्या अंदाजे, पाच टक्के कमी-जास्त झाल्यास दर आणि मुदत तीच, त्यापलीकडे गेल्यास मूळ बाडातल्या प्रत्यक्ष शब्दांवर हिशेब, सरळ, तांत्रिक आणि झापण्याचा, तिन्ही प्रकारांचे दर वेगळे.

"कमी-जास्त?" इन्स्पेक्टरांनी कागद लांब धरला. "हे असं सरकारी माणसासमोर लिहिता?"

"अहो, तुम्हीच तर सांगायचात," काकू म्हणाल्या, "प्रत्येक काट्याला कायद्यानं थोडी सूट असते म्हणून. काट्याला चालते, मग या बिचारीला का नको?"

इन्स्पेक्टरांनी कागद खाली ठेवला. तेहतीस वर्षं त्यांनी ती सूट रोज मोजली होती. "सूट असते," ते अखेर पुटपुटले. "लेखी असली पाहिजे, एवढंच." आणि त्यांनी सही केली.

काम पन्नास आठवड्यांत संपलं. काकूंनी मध्येच सहाशे अकरा शब्द वाढवले. ते पाच टक्क्यांत बसले. इन्स्पेक्टरांचं वाचन नऊ दिवसांत झालं. काकूंना मात्र ती भाषा येत नव्हती, म्हणून त्यांचं प्रकरण त्यांना उलट आपल्या भाषेत सांगून दाखवावं लागलं, आणि त्यात एकवीस दिवस गेले. "एवढी काही मी सौम्य नाही," असं म्हणून त्यांनी चार जागा परत करायला लावल्या.

पूर्ण भाषांतर हातात पडल्यावर पंधरवड्यानं दारावरची घंटा वाजली. इन्स्पेक्टर एकटेच होते, हातात वही.

"भाषांतराचे शब्द मोजले," ते कुजबुजले. "दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार! बाई, हे वरचे चाळीस हजार आले कुठून? आणि मी त्यांचे पैसे दिलेले नाहीत!"

तिनं त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, आणि नणंदबाईंना हाक मारली. "ताई, जरा बाहेर या. आपले पाच शब्द तिकडे गेले की सहा होतात, हे समजवायला दोघी लागतील."