तारीखवार खुलासा

सास्तूरच्या श्रावस्ती कांबळेला हिशेब शिकवला तो अण्णारावांनी. बँकेतून निवृत्त होऊन ते लोहाऱ्याजवळच्या शेतकरी कंपनीत व्यवस्थापक झाले, तेव्हा श्रावस्ती तिथं नुसती पावत्या फाडायची. बी.कॉम. झालेली, पण जमा कुठं आणि नावे कुठं यात गोंधळणारी. अण्णारावांनी तिला शेजारी बसवून घेतलं. "कागद बोलतो बाळ, माणूस विसरतो," असं म्हणत म्हणत सहा वर्षांत त्यांनी तिला पक्की लेखापाल करून सोडलं. तिचे वडील तात्याराव वारले तेव्हा तेराव्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी सास्तूरला येऊन बसणारा माणूस हाच. ती त्यांना काका म्हणायची, आणि ते काही तोंडदेखलं नव्हतं.

ऑगस्टात तिमाही तपासणीसाठी सोलापूरहून लेखापरीक्षक शिवप्रिया मॅडम आल्या. शांत बाई. चहा नको म्हणाल्या, फायली मात्र सगळ्या मागितल्या. दोन दिवसांनी त्यांनी एकच प्रश्न लेखी ठेवला. दहा जूनला लातूरच्या एका दुरुस्तीवाल्याला तीन लाख चाळीस हजार दिले गेले. माणूस नवा, त्याचं नाव यादीत त्याच दिवशी घातलेलं. पूर्ण रक्कम कामाच्या आधी. दरपत्रकं नाहीत. एक लाखावरच्या खर्चाला अध्यक्षांची लेखी मंजुरी लागते, तीही नाही. संचालक मंडळाचा ठराव अठ्ठावीस जूनचा, म्हणजे पैसे गेल्यावर अठरा दिवसांनी. सात दिवसांत खुलासा द्यावा.

यात चोरी नव्हती. नऊ जूनला बियाणं साफ करायच्या मशीनची मोटर आणि गिअरबॉक्स दोन्ही जळाले. पेरणी तोंडावर, सोयाबीनची साडेपाचशे पोती शेडमध्ये अडकलेली, आणि नेहमीचा मिस्त्री आंध्रात. अण्णारावांनी लातूरचा माणूस शोधला. तो म्हणाला, पैसे आधी, मग सामान. तेरा तारखेला मशीन सुरू झालं, बियाणं वेळेत गेलं. घाईत नियम मोडला होता, एवढंच.

"तुझी भाषा बरी हाय," अण्णारावांनी फाईल तिच्या टेबलावर ठेवली. "मी कच्चा लिवलाय. तू जरा घासूनपुसून दे. तारखा नीट लाव, कोणी काय मंजूर केलं ते वळीनं मांड. शनिवारी अध्यक्षांची सही घेऊ."

श्रावस्ती लगेच कामाला बसली. मजकूर सुंदर करण्याआधी तारखांचा तक्ता करायचा, ही सवय त्यांनीच लावलेली. नऊ जून: बिघाड, ऑपरेटर शरणबसप्पाचा अहवाल जोडला. तेरा जून: मशीन सुरू. चौदा जून: बिल आणि माल मिळाल्याची पोच. अठ्ठावीस जून: ठराव. मग राहिली दहा तारीख. त्यासाठी तिनं फाईलीतला कागद उलटला.

कंपनीच्या छापील कागदावर अण्णारावांचं तिच्याच नावाचं पत्र होतं. दिनांक दहा जून, जावक क्रमांक त्रेसष्ट. "तीन दरपत्रके घेतल्याशिवाय सदर रक्कम देऊ नये." खाली सही. आणि कच्च्या खुलाशात वाक्य होतं: "दरपत्रके मिळाल्याचे लेखापालांनी सांगितल्यावरून व्यवस्थापकांनी बँकेच्या पोर्टलवर मंजुरी दिली."

तिनं ते दोनदा वाचलं. आधी वाटलं, आपणच विसरलो असू. मग तिनं कपाटातून जावक रजिस्टर काढलं. ते तीच लिहायची. दहा जूनचा शेवटचा क्रमांक होता एक्केचाळीस. त्रेसष्ट क्रमांकावर बावीस जुलैचं, वीज कंपनीला लिहिलेलं पत्र होतं.

मोबाईलमध्ये दहा जूनचा मेसेज अजून होता. दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटं. लातूरवाल्याचा खातेनंबर आणि खाली, "यांना आत्ताच सोड. अध्यक्षांना मी सांगतो. कागद मागाहून करू." तिनं चार वाजता पोर्टलवर रक्कम भरली होती, आणि बारा मिनिटांनी मंजुरीचं बटण अण्णारावांनी दाबलं होतं. बँकेच्या नोंदीत दोघांची नावं, दोघांच्या वेळा.

रजिस्टर हातात घेऊनच ती शेडमध्ये गेली. अण्णाराव रिकाम्या पोत्यांची मोजणी बघत होते.

"काका, हे पत्र मला कधी दिलं तुम्ही?"

त्यांनी पत्राकडं बघितलंच नाही. "जुन्या फाईलीत सापडलं."

"त्रेसष्ट नंबर जुलैचा आहे."

अण्णाराव तिला बाजूला घेऊन गेले. आवाज खाली आला. "हे बघ, सप्टेंबरात माझ्या मुदतवाढीचा विषय हाय. माझ्या नावावर शेरा नको. तुझं काय व्हणार हाय? लई झालं तर एक ताकीद. तू अजून बारकी हायस, पुसलं जाईल."

"मला विचारलं असतं तर?"

"तू न्हाय म्हणाली असतीस."

तिला रडू आलं नाही, उलट हसू आल्यासारखं झालं. या माणसानं तिच्याच हातानं तिच्यावरचा आरोप घासूनपुसून घ्यायचं ठरवलं होतं. विश्वास एवढा, की ती न वाचताच शुद्धलेखन सुधारेल. पैसे खाल्ले असते तर राग तरी धरता आला असता. एका शेऱ्याच्या भीतीपोटी त्यांनी तिला विकून टाकलं होतं.

खुलासा तिनंच लिहिला. एकाही वाक्यात विशेषण नाही. नऊ ते अठ्ठावीस जून, तारीखवार. प्रत्येक ओळीसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. दहा तारखेला: व्यवस्थापकांची मेसेजवरून सूचना, लेखापालांनी चार वाजता रक्कम भरली, व्यवस्थापकांनी चार बाराला मंजूर केली. मग काय नव्हतं तेही लिहिलं: दरपत्रके घेतली नाहीत, अध्यक्षांची लेखी मंजुरी घेतली नाही, लेखापालांनी ती मागायला हवी होती, मागितली नाही. ठराव नंतरचा आहे, आधीचा भासवलेला नाही. शेवटी जावक त्रेसष्टचं पत्र जोडून तिनं एक ओळ टाकली: "हे पत्र जावक नोंदवहीत आढळत नाही, लेखापालांना मिळालेले नाही."

शनिवारी अध्यक्ष हिंमतराव आले. जाडजूड, कमी बोलणारा शेतकरी. त्यांनी दोन्ही खुलासे शेजारी ठेवून बोट फिरवत वाचले. अण्णाराव समोर खुर्चीत बसले होते.

"पैसा कुणी खाल्ला का?"

"नाही दादा," श्रावस्ती म्हणाली. "काम झालं, बाजारभावानं झालं. मी नंतर दोन ठिकाणी दर विचारून बघितले."

"अण्णाराव, मग हे पत्र कशापायी केलंत?"

अण्णारावांनी पत्र उचलून पालथं ठेवलं.

"मला तुम्ही अकरा तारखेला फोनवर सांगितलं व्हतं," हिंमतराव म्हणाले. "मी 'बरं' म्हणलो. पोरी, तेबी लिव्ह. माझीबी चूक हाय."

तिनं ती ओळ घातली. हिंमतरावांनी सही केली.

पंधरा दिवसांनी शिवप्रिया मॅडमांचा अहवाल आला. नुकसान नाही, तातडीच्या खरेदीसाठी लेखी पद्धत ठरवावी, मागील तारीख टाकलेल्या त्या पत्राची संचालक मंडळानं चौकशी करावी. मंडळानं अण्णारावांची मुदत वाढवली नाही. घाईतल्या खर्चासाठी त्यांना काही कोणी धारेवर धरलं नाही. विषय निघाला तो त्या पत्राचाच.

जायच्या दिवशी ते तिच्या टेबलाशी आले. कपाटाच्या चाव्या ठेवल्या. "तक्ता चांगला केला व्हतास," म्हणाले.

श्रावस्तीनं चाव्या मोजून घेतल्या आणि पोचपावतीवर त्यांची सही मागितली. ते गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आईला, केशरबाईला, अजून यातलं काहीच सांगितलेलं नाही. दर पौर्णिमेला खीर केली की ती अजून विचारत होती, अण्णारावांना खीर कधी पाठवायची म्हणून.