महिपतरावांचं शुद्ध पाणी

माधवगंजातल्या महिपतरावांचं टोपी बाजारात फेट्यांचं दुकान. साठी उलटल्यावर त्यांनी घरात पाणी शुद्ध करणारं आर.ओ. मशीन बसवलं आणि सोबत पेनाएवढा टीडीएस मीटर घेतला. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते तो आकड्यात दाखवी. मग काय, कुणाकडेही गेले की आधी पेल्यात मीटर, मग ओठाला पेला. एकदा तर त्यांनी व्याह्यांच्या चहात मीटर बुडवला. विहीणबाई अजून ते विसरलेल्या नाहीत.

घरात वरण-भात आर.ओ.च्या पाण्यात, आणि केस गळतात म्हणून महिपतरावांची आंघोळही त्यातच.

उन्हाळा लागला, नळ एक दिवसाआड येऊ लागला. त्यात रविवारी मुलीच्या, सोनिकाच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. बायकोचे, विजयाबाईंचे हात कणकेनं भरलेले, आणि नळातून फक्त फुसफुस.

"टाकी कालच तर भरली होती!" महिपतराव जिना चढले आणि तोंड पाडून उतरले. टाकीत तळ दिसत होता.

विजयाबाईंनी सिंकखालची मोरीत सोडलेली बारीक नळी वर ओढली. "अहो, तुमची गळती ही बघा. मशीन चाललं की ही चालते."

शेजारून उसनं पाणी आणून पाहुणे निभावले. दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर महिपतरावांनी नळीखाली बादली ठेवली. एक घागर शुद्ध भरेपर्यंत तीन घागरी वाया गेल्या. मग तिन्ही पाण्यांत मीटर बुडवला. नळाचं पाणी एकशे ऐंशी. शुद्ध वीस. टाकाऊ दोनशे तीस.

"पाचशेपर्यंतचं तर प्यायला चालतं. म्हणजे आपण चांगलं पाणीच फेकत होतो?" ते पुटपुटले.

"आणि जंतू?" विजयाबाईंनी विचारलं.

"ते आर.ओ. अडवतं. पण मीटरला दिसत नाहीत. त्याला फक्त क्षार कळतात."

"मग मी उकळून घेईन. जंतू मरतील, क्षार राहतील, चवही राहील. तुमच्या त्या शुद्ध पाण्याला काही चवच नाही."

महिपतरावांनी मशीन उतरवलं, पण विकवेना. शेवटी ते बहिणीकडे, राजलक्ष्मीकडे, शहराबाहेर नेलं. तिच्याकडे बोअरिंगचं पाणी. भांड्यांवर पांढरा थर, डाळ शिजता शिजेना. मीटर अकराशेवर गेला, तसे महिपतराव इतके खूश झाले की सोबत आलेल्या विजयाबाई हसायलाच लागल्या. मशीन लावल्यावर आकडा नव्वदवर आला.

"टाकाऊ पाणी मोगऱ्याला घालू का रे, दादा?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"नको! त्यात आता चौदाशे असणार, पानं करपतील. फरशी पूस, संडासात टाक. आणि फक्त प्यायला आणि डाळीला वापर, हां."

"आंघोळीला?" विजयाबाईंनी हळूच विचारलं.

महिपतरावांनी टोपी नीट केली आणि मीटर खिशात घातला.