सातचं सहा

आमच्या दूध केंद्राचे सचिव सुतासारखे सरळ. दूध मी मोजायचो, फॅट ते नोंदवायचे. पण बायकोच्या नावावरचं घरच्या म्हशींचं दूध मशीनखाली आलं की त्यांना घाम फुटायचा. सचिवानं बायकोची फॅट वाढवली, असं कुणी म्हणायला नको, म्हणून मशीनवर सात दिसली तरी ते हातानं सहा भरायचे. बारा वर्षं! फॅट कमी की दर कमी, म्हणजे दर दहा दिवसांच्या बिलात बायकोलाच खोट. डोंबलाचा प्रामाणिकपणा!

मग तालुक्याच्या दूध संघानं मशीन थेट कॉम्प्युटरला जोडलं. हातानं आकडा भरणं बंद झालं आणि बायकोची फॅट रोज सात येऊ लागली. दहाव्या दिवशी बिलं निघताना सिस्टिमनं तिचं बिल अडवलं: फॅटमध्ये अचानक वाढ, चौकशी करा.

संघाचे साहेब आले. रांगेतले सगळे कुजबुजू लागले. सचिवांनी हात जोडले. "साहेब, आत्ताचा आकडा खरा आहे. आधी मीच कमी लिहायचो, देवाशपथ!"

"स्वतःच्या घरी कोण चोरी करतं?" साहेब हसले. मी मान खाली घातली. मला सगळं ठाऊक होतं.

रांगेत किटली घेऊन उभी असलेली त्यांची बायको पुढे आली.

"अहो, फॅट लागत नाही म्हणून मी पेंड वाढवत राहिले. शेवटी गेल्या वर्षी थोरली म्हैस विकली. तेव्हा तिचं दावं तुम्हीच सोडून दिलंत ना?"