मानेवर ठेवलेला पाय

मी पायाळू हाय. म्हणजे जन्मताना आधी पाय आले, डोकं मागून. आमच्याकडं कुणाची कंबर धरली, मान लचकली, की पायाळू माणसाला बोलवतेत. त्यानं दुखत्या जागी तीनदा पाय लावायचा. आमच्या लिंबागणेश गावाच्या आसपास माझ्या पायाला लई मागणी. मी बी बाबाबुवाचा घोगरा आवाज काढायचो, लोक हसून हसून लोळायचे.

नववीतल्या बहिणीला सोमवारी सकाळी ताप आला. डोकं फुटतंय म्हणली. मेडिकलातून गोळी आणली. मंगळवारी उलट्या झाल्या, दारातला उजेड सोसंना, आन मान आखडली. हनुवटी छातीला टेकंनाच.

आई म्हणली, बीडला न्यावं का? वडील म्हणले, कापूस वेचायला बाया आल्यात, उद्या बघू. चुलती तर माझ्याकडं बघून हसली.

"वाकडी झोपली आसंल. घरात पायाळू आसताना दवाखान्यात कशाला जायाचं?"

मी बारावीला सायन्स घेतलेला गडी. तरी उठलो. बाबाचा आवाज काढला आन तिच्या मानेवर पाय ठेवला.

"दादा, पाय काढ," ती म्हणली. "लई दुखतंय."

मला वाटलं, नाटकात साथ देतीय. अजून दोनदा ठेवला. सगळे हसले. त्या हसण्याचा राग अजून डोक्यातून जात न्हाई, कारण सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.

बुधवारी सकाळी ती आईला वळखंना. काहीबाही बरळायली. मग कापूस राहिला बाजूला, जीप मिळाली, सगळं जमलं. हेच मंगळवारी का जमलं न्हाई?

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं तिचं डोकं हळूच उचललं, तर गुडघे आपोआप वर आले. बाईनं लगेच सलाईनमधून इंजेक्शन चालू केलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. मेंदूच्या आवरणाला सूज आलीय म्हणल्या.

"मान कधीपासून आखडलीय?"

"काल सकाळपासून," मी म्हणलो.

"ताप, डोकेदुखी आणि आखडलेली मान एकत्र दिसली की त्याच घटकेला निघायचं. यात तासातासानं नुकसान होतं. एक अख्खा दिवस घरी काय करत होतात?"

मी सगळ्यांच्या नकला करतो, पण हे सांगायला कुणाचा आवाज काढू? काय सांगू, पाय लावत होतो?

ती वाचली. दोन्ही कानांनी ऐकू येणं गेलं. या आजारानं तसं होतं, बाई म्हणल्या. लवकर आणली आसती तर कान वाचायची आशा जास्त होती. आता ऐकायच्या यंत्रासाठी चकरा चालू हायेत.

परवा चुलती पाहुण्यांना सांगत होती, पोराचा पाय लागला म्हणून पोरगी जगली. मी तिच्यावर आसा वरडलो, की पाहुण्यांनी चहा खाली ठेवला. बहीण शेजारीच बसलेली. तिला काहीच ऐकू गेलं न्हाई. माझं तोंड हलताना बघून ती हसली आन म्हणली,

"दादा, कुणाची नक्कल करतोयस?"