काचेवरची चिठ्ठी

आमचं गाव कर्नाटकात, हुमनाबाद तालुक्यात आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेलच.

धाकट्या बहिणीला आम्ही गाणगापूरला नेऊन ठेवायचं ठरवलं, तेव्हा तिच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं होतं. हात तिच्या नवऱ्यानं मोडला होता. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, त्याला बोलावलं, समज दिली आणि सोडून दिलं. चौकीच्या दारातच तो मला म्हणाला, "कुठंबी ठेवा, हुडकून काढतो." हसत म्हणाला. त्या हसण्याचा मला अजूनही संताप येतो.

गाणगापूर सुचलं ते माझ्या डोक्यातून. तिथे बायका महिना महिना सेवेला राहतात, पारायणं करतात, दुपारी झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात. एकटी बाई का आली, किती दिवस राहणार, हे कुणी विचारत नाही. जिथे सगळेच दुःख घेऊन येतात, तिथे एकाचं दुःख उठून दिसत नाही. शिवाय खोल्या भाड्यानं देणारी एक बाई माझ्या ओळखीची होती. बोलायला खमकी आणि पोटात गोष्ट ठेवणारी.

गाडी मी चालवत होते. शेजारी अप्पा, आमचे वडील, मागे बहीण. तिचा फोन आम्ही बीदरला माझ्या घरीच बंद करून कपाटात ठेवला होता. माझ्याकडे एक जुना नंबर होता, माहेरच्या-सासरच्या कुणालाच ठाऊक नसलेला. तो मी वाटेत तिच्याकडून पाठ करून घेतला. शाळेतल्या पाढ्यासारखा ती तो म्हणत होती, आणि आरशात तिचं तोंड बघून मला रडू येत होतं.

आम्ही पोचलो तो गुरुवार होता. गल्लीत महाराष्ट्रातल्या गाड्या दाटीवाटीनं लावलेल्या. मागे घेताना माझ्या गाडीचा कोपरा एका पांढऱ्या गाडीच्या बाजूच्या आरशाला लागला. काच तडकली, आरसा लटकला. मालक दर्शनाच्या रांगेत असणार. आजूबाजूला कुणी बघितलंही नव्हतं.

बहीण म्हणाली, "अक्का, चल ना गं. थांबू नको इथं."

अप्पा गाडीतून उतरले. "लोकाची वस्तू मोडून पळून जायचं? चिठ्ठी लिवून ठिवायची."

त्यांचं बरोबरच होतं. मीही तेच केलं असतं. मी त्यांना वही-पेन दिलं आणि बजावून सांगितलं, "अप्पा, तीन गोष्टी लिहा. आमच्या गाडीनं तुमचा आरसा फुटला, चूक आमची, खर्च आम्ही देऊ. आणि खाली हा माझा जुना नंबर. बस्स. नाव नको, गाव नको, कुठं उतरलाव ते नको. कागद घडी करून, लिहिलेली बाजू आत ठेवून, ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरखाली लावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला मिळू नये."

"गाव न्हाई, नाव न्हाई? असली चिट्टी तर चोर लिवतो," अप्पा म्हणाले.

"चोर चिठ्ठी लिहीत नसतो, अप्पा."

मी तिचं सामान घेऊन खोलीकडे गेले. परत आले तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. अप्पांनी कागद प्रसादाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून वायपरखाली ठेवला होता. किती नीटनेटकं काम! मी कौतुकसुद्धा केलं.

आमच्या भागातला माणूस स्वतःची ओळख गावापासून सुरू करतो. बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही आधी "कुठलं गाव?" मग "कुणाच्या घरचे?" दोन मिनिटांत कुठलंतरी नातं निघतंच. गाव सांगितलं की माणूस खरा, नाही सांगितलं की काहीतरी काळंबेरं. अप्पा अख्ख्या आयुष्यात गाव न सांगता कुणाशी दोन शब्द बोलले असतील, असं मला वाटत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तो कागद उघडून बघितला नाही.

तो कागद मी बघितला दुसऱ्या दिवशी बीदरला घरी, फोनवर. आमच्या गावाच्या ग्रुपवर फिरत फिरत फोटो आला होता. पांढऱ्या गाडीच्या मालकानं काढलेला. वर त्यानं लिहिलं होतं, 'गाणगापुरातला अनुभव. आजच्या काळातही अशी माणसं आहेत.' खाली हात जोडलेली, फुलं वाहिलेली चित्रं. आणि अप्पांचं वळणदार अक्षर:

'नमस्कार. आमच्या गाडीने तुमचा आरसा फुटला. चूक आमची आहे. खर्च देऊ.' इथवर ठीक. पुढे गावाचं नाव, तालुका, जिल्हा. 'धाकट्या लेकीला सेवेसाठी येथे सोडण्यास आलो होतो, गडबडीत घडले, क्षमा असावी.' आणि खाली माझा नाही, त्यांचा स्वतःचा नंबर. पंचक्रोशीतल्या प्रत्येकाकडे असलेला.

तो मालक वाईट नव्हता. त्यानं अप्पांना फोन करून खर्चही नको म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. फोटोखाली त्याचा नंबर होता, त्यावर मी फोन लावला आणि अक्षरशः भीक मागितली, फोटो काढून टाका. तो बिचारा गोंधळला. "अहो ताई, चांगलंच लिहिलंय ना तुमच्याबद्दल?" मग त्यानं काढून टाकलाही. पण तोवर तो फोटो कुठल्या कुठे गेला होता. उदगीरच्या मावसभावाकडून तोच मला परत आला. 'आपले अप्पा प्रसिद्ध झाले!'

अप्पांना फोन केला तर ते खुशीत. "सकाळपासून फोनच फोन यायलेत. सगळे शाबास म्हणायलेत." मग म्हणाले, "जावयाचाबी आल्ता."

"काय म्हणला?"

"मामा, लई मोठ्या मनाचे हाव तुमी, म्हणला. गाणगापुरात सेवा चांगली घडते, म्हणला. गोड बोलला आज." अप्पांचा आवाज बोलता बोलताच बारीक झाला. त्यांना आत्ता कळत होतं. "पोरी, म्या काय केलं गं?"

मी खूप बोलले त्यांना. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्या बापाला असं बोलू नये हे कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. खोलीवाल्या बाईला फोन लावला, ती उचलेना. मग गाडी काढली, वाटेत अप्पांना घेतलं. अप्पांनी स्वतःचा फोन मांडीवर उलटा ठेवला होता. तो वाजत होता, ते उचलत नव्हते.

पोचलो तेव्हा माधुकरीची वेळ झालेली. झोळ्या घेतलेली माणसं दारोदार उभी. गाडी एका नारळ-साखरेच्या दुकानासमोर लावली आणि मी धावत खोलीकडे गेले. दाराला कुलूप नव्हतं. आत अंथरूण घडी केलेलं, पिशवी नाही, ती नाही.

खोलीवाली बाई जिन्यात आली. "आला होता. फोनमधी चिठ्ठीचा फोटो घेऊन दारोदार दाखवायलाय, ह्या म्हाताऱ्याची लेक कुठं उतरली म्हणून. म्या म्हणलं, मला वाचता येत न्हाई. फोन घरात ऱ्हायला, मी दारातच उभी व्हते त्याला अडवून."

"आणि ती?"

"तिनं वरून बघितलं त्याला. डोक्यावरून पदर घेतला, झोळी घेतली, आन् माधुकरीवाल्या बायांच्या घोळक्यात निघून गेली. त्याच्या अंगावरून गेली, अक्का. मान खाली घालून."

आम्ही शोधलं. देवळात, घाटावर, बसथांब्यावर. अप्पा प्रत्येक झोळीवाल्या बाईच्या तोंडाकडे वाकून बघत होते, आणि बायका चिडून बाजूला होत होत्या. मला हाक मारायची होती, पण तिचं नाव मोठ्यानं घेणंही शक्य नव्हतं. तोही त्याच गल्ल्यांत फिरत होता. तेवढी हतबल मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालेले नाही. एकदा तर मी भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून रडले.

दमून गाडीकडे परतलो तर ड्रायव्हरच्या बाजूच्या वायपरखाली प्रसादाची प्लास्टिकची पिशवी. आत घडी केलेला कागद, लिहिलेली बाजू आत.

'मी बरी आहे. शोधू नका. मीच फोन करीन.'

एवढंच. अक्षर तिचं. खाली नाव नाही, वर 'अक्का' नाही, गाव नाही, कुठल्या बाजूला निघाली ते नाही, नंबरही नाही. नंबर तिला पाठ होता.

अप्पांनी माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. "कुठं चालली ते लिवलंच न्हाई गं," ते म्हणाले, आणि पुन्हा उलटून बघितला.

दुकानातली बाई आमच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मघाशी एकानं बी असंच केलं. गाडीचा नंबर बघितला, पिशवीची गाठ सोडली, वाचलं. दोनदा उलटून बघितलं. मग लई शिव्या दिल्या कागदाला आन् परत ठिवला."

पिशवीला गाठ नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो माझी गाडी ओळखत होता. आमच्या आधी त्यानं ती चिठ्ठी वाचली होती, आणि त्याला तिच्यात काहीच मिळालं नव्हतं.

अप्पा तिथेच दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी कागदाची होती तशीच घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. "माझ्या लेकीला लिवता येतं," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

फोन आला तो परतीच्या वाटेवर, माझ्या जुन्या नंबरावर, कुणाच्या तरी फोनवरून. ती म्हणाली, "पोचले. चांगली माणसं हाईत." कुठं, हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. शेजारी अप्पा माझ्याकडे बघत होते. मी तो शब्द गिळला आणि फक्त विचारलं, "जेवलीस का?"

"व्हय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर अप्पांनीही विचारलं नाही. आता ती कुठं असते ते मला ठाऊक आहे. अप्पांनाही ठाऊक आहे, आणि कुणी बसमध्ये त्यांना "कुठलं गाव?" विचारलं तर ते हल्ली खिडकीबाहेर बघतात.