एकाच दुरुस्तीच्या पुष्कळ प्रती

जव्हारच्या कॉलेजात बोलायला बोलावलं तेव्हा विषय मीच सुचवला होता: ओपन सोर्समध्ये पहिली दुरुस्ती कशी पाठवायची. पत्रिकेत तो 'ओपन सोर्स : जागतिक क्षितिजावर गरुडझेप' असा छापून आला. मी मोखाड्यात वाढलो, ठाण्यात प्रोग्रामिंगची नोकरी करतो, आणि शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसून हसत आलो आहे. त्या दिवशी शाल माझ्याच खांद्यावर पडली. मी ती भाषण संपेपर्यंत काढली नाही.

दाखवायला दुरुस्ती लहान पण खरी हवी होती. पावसाची नोंद ठेवणारं एक ओपन सोर्स ॲप आहे. गावागावातली माणसं त्यात रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये भरतात. परदेशातली एक बाई ते नोकरी सांभाळून, फुकट चालवते. फोनचा कीबोर्ड मराठीत असला आणि आकडा देवनागरीत टाकला की ॲप म्हणे, 'कृपया संख्या लिहा.' ॲप ज्या भाषेत लिहिलंय तिला देवनागरी आकडे संख्या वाटत नाहीत. आधी त्यांचे इंग्रजी आकडे करून द्यावे लागतात, म्हणजे एका ओळीचं काम. मी ही अडचण त्या प्रकल्पाच्या पानावर नोंदवली होती आणि लिहिलं होतं की माझ्या कार्यक्रमातला एखादा विद्यार्थी ती सोडवील. बाईंनी त्यावर 'नवख्यांसाठी' असा शिक्का मारला आणि कळवलं, "छान. वाट बघते."

एखादा विद्यार्थी, असं मी लिहिलं होतं.

भाषण बरं झालं. दुसऱ्याच्या कोडची आपल्या खात्यात प्रत घ्यायची, तिच्यात वेगळी फांदी काढायची, बदल करायचा, काय आणि का बदललं ते एका वाक्यात लिहायचं आणि मग मूळ मालकाला विनंती पाठवायची की बघा, पटलं तर घ्या. या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात. मालक प्रश्न विचारतो, आपण उत्तर देतो, कधी तो नाही म्हणतो. हे सगळं मी पडद्यावर करून दाखवलं. ती एक ओळ लिहिली, ॲपच्या माझ्या प्रतीत '५' टाकलं, ॲपने पाच घेतले. टाळ्या पडल्या. सोबतचं वाक्य कसं लिहायचं त्याचा नमुनाही पडद्यावर ठेवला. त्याच्या शेवटी 'तुमचं नाव' असं होतं.

मग विभागप्रमुख माइकपाशी आले. "सरांनी दाखवलेलं प्रॅक्टिकल सर्वांनी आजच करायचं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. इंटर्नलला धरलं जाईल."

इथल्या वर्गात प्रॅक्टिकल म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. एकाने करायचं, बाकीच्यांनी जर्नलमध्ये उतरवायचं, सरांनी सही करायची. मीही तसाच पास झालो. तेव्हाच उठून म्हणायला हवं होतं की हे जर्नल नाही, पलीकडे एक माणूस बसला आहे. पण सभागृहभर मुलं फोन काढत होती आणि मला तो माझ्या भाषणाचा परिणाम वाटला. खरं तर तो इंटर्नलच्या मार्कांचा परिणाम होता.

चहाच्या वेळी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. सूर्यमाळकडची, जव्हारला हॉस्टेलवर राहणारी.

"सर, तुम्ही पाचच टाकून बघितला ना?"

"हो. का?"

"मी बारा टाकला. नाय घेतला. आमच्याकडे पाच मिलिमीटरला कोण पाऊस म्हणतंय?"

शेजारची मैत्रीण म्हणाली, "गप ना. सर चहा पितात."

प्राचार्य फोटोसाठी हाका मारत होते. मी म्हणालो, "नंतर बघू. आत्ता मार्कांपुरतं पाठवून दे."

हे वाक्य मी पुढचे कित्येक दिवस आठवत राहिलो. प्राचार्यांच्या तोंडी आलं असतं तर मित्रांना हसून सांगितलं असतं.

जीपने मोखाड्याला घरी पोचेपर्यंत फोन खणखणत होता. त्या प्रकल्पावर काही हललं की मला सूचना येते. पुल रिक्वेस्टमागून पुल रिक्वेस्ट. तीच ओळ, तेच वाक्य. कोणीतरी एकाने करून ग्रुपवर टाकलं होतं आणि बाकीच्यांनी फोनवरूनच चिकटवलं होतं. निम्म्या जणांनी शेवटचं 'तुमचं नाव' हेही तसंच ठेवलं होतं.

आणि प्रत्येकात माझी चूक होती. पडद्यावर लिहिताना बदलाच्या त्या ओळीत g हे अक्षर टाकायचं राहून गेलं होतं. ते नसलं की बदल पहिल्या आकड्यावरच थांबतो. पाच एकटा, म्हणून तो निभावला. बारामधला एक बदलायचा, दोन तसाच राहायचा आणि ॲप पुन्हा म्हणायचं, संख्या लिहा.

एक विनंती मात्र वेगळी होती, त्या मुलीची. तीत g होता. शिवाय टेस्ट होती, म्हणजे दुरुस्ती चालते का हे दर वेळी आपोआप तपासणारा कोड. तिने बारा, एकशे चार, साडेसात सगळं तपासलं होतं.

थोड्या वेळाने बाईंनी सगळ्या विनंत्या एका दमात बंद केल्या, तिचीही. माझ्या मूळ नोंदीखाली त्यांनी लिहिलं, "हा एखादा वर्ग आहे का? कृपया थांबवा. मी हे काम नोकरीनंतर करते." आणि ज्यांचं आधी काही स्वीकारलं गेलंय त्यांच्याखेरीज कोणालाही काही लिहिता येणार नाही अशी बंदी घातली.

मी विभागप्रमुखांना फोन लावला.

"सर! प्रतिसाद बघितलात? प्राचार्य म्हणाले, अहवालात घ्या."

"सर, तिकडे त्रास झालाय त्यांना. सगळं एकच आहे."

"मग काय? प्रॅक्टिकल एकच ना? पोरं फुकट मदत करतायत, त्यात त्रास कसला?"

"मुलांना थांबवा. आणखी पाठवू नका म्हणावं."

"बरं बरं. पण स्क्रीनशॉट चालतील ना?"

तो फोन ठेवला तेवढ्यात मुलीचा आला. नंबर तिने विभागप्रमुखांकडूनच घेतला होता.

"सर, माझं पण बंद केलं."

"पाहिलं मी."

"माझं वेगळं होतं, सर. मी खाली तसं लिहायला गेले, तर लिहूच देत नाय. त्यांना वाटलं असेल, ही पण त्यांच्यातलीच."

ती त्यांच्यातली नाही हे माहीत असलेला आणि तिथे बोलू शकणारा माणूस एकच उरला होता. माझी एक बारीक दुरुस्ती पूर्वी तिथे स्वीकारली गेली होती. मी लिहायला बसलो. पहिला मजकूर लांबलचक झाला: डोंगराळ भाग, आदिवासी पाडे, नेटवर्कची वानवा, पहिल्या पिढीचे विद्यार्थी. वाचून पाहिलं. हे दुपारी माझा परिचय करून देताना वापरलेले शब्द होते. चूक माझी, आणि मी ती झाकायला सूर्यमाळचा डोंगर आणत होतो. मार्कांसाठी जर्नल उतरवणारी मुलं डोंगराखालीही असतात. आणि चूक पहिल्यांदा पकडली ती डोंगरावरच्याच मुलीने.

ते सगळं पुसलं. उरलं ते एवढं: भाषण मी दिलं. सर्वांना हेच करायला सांगितलं जात असताना मी गप्प बसलो. कोडमधली चूकही माझी आहे. यातली एक विनंती नक्कल नाही, तिच्यात टेस्ट आहे. ती कृपया पाहावी. खाली त्या विनंतीचा दुवा दिला. हे सगळं उघड पानावर लिहावं लागतं. कोणीही कधीही वाचू शकतं. खासगीत माफी मागायची सोय असती तर मी नक्कीच तिकडे वळलो असतो.

दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. हा लोंढा थांबावा म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच ती दुरुस्ती स्वतः करून टाकली होती, g सकट. आता कोणाचीच नको होती. मात्र टेस्ट लिहायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. मुलीने नुसती टेस्ट पाठवली तर त्या बघतील. बंदी उठवली होती.

मी मुलीला फोन करून हे सांगितलं.

"म्हणजे माझी दुरुस्ती नको."

"नको. झाली ती. टेस्ट पाहिजे."

"पण टेस्ट तर तिच्यासाठीच लिहिलेली, सर."

मार्कांपुरतं पाठव म्हणण्याऐवजी चहाचा कप खाली ठेवून तिच्याबरोबर लॅबमध्ये गेलो असतो, तर ती ओळ तिच्या नावावर राहिली असती. तसं मी म्हणालोही. ती म्हणाली, "राहू द्या ना सर आता." माझं मन राखायला म्हणाली, हे मला कळत होतं.

"पाठवायच्या आधी एकदा बघून देऊ का?"

"नको. मीच बघते."

दोन-तीन दिवस काही हललं नाही. ती सोडून देईल असं मला वाटू लागलं. सोडून दिलं असतं तर तिला बोल लावता आला नसता. मग एका संध्याकाळी सूचना आली. टेस्ट आली होती. तिने एक नवी गोष्टही घातली होती, एक आकडा मराठी आणि पुढचा इंग्रजी अशी मिसळ. बाईंनी विचारलं, असं कोण लिहील? मी उत्तर देण्यासाठी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. थोड्या वेळाने तिने साध्या, मोडक्या इंग्रजीत लिहिलं, की आईच्या फोनवर मराठी अक्षरं आहेत, मला इंग्रजीची सवय. सुट्टीत घरी गेले की तिने अर्धा भरलेला आकडा कधी मी कीबोर्ड बदलून पुरा करते.

बाईंनी आभार मानले आणि टेस्ट घेतली.

तिचा फोन आला. "सर, घेतली त्यांनी."

"पाहिली. अभिनंदन. अगदी मनापासून." मग राहवलं नाही म्हणून म्हणालो, "तुमच्या सरांना सांगतो मी. अहवालात तुझं एकटीचं नाव यायला हवं."

"नको, सर!" ती पहिल्यांदाच जोरात बोलली. "त्यांना नका सांगू. परत सगळ्यांना पाठवायला लावतील."