बॅटरीचं वाक्य

ऑफिसात सगळे त्यांना काकू म्हणत. कंपनी कानाची यंत्रं विकायची आणि तिचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचं काम काकूंकडे. फोनवरच्या मुली पडद्यावर बघून बोलतात ती वाक्यं त्यांची, वेबसाइटवरचे 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न'ही त्यांचेच. सहा वर्षं हे काम बिनबोभाट चाललं होतं.

एका दुपारी मराठी फोन घेणारी चिमणी त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आवाज बारीक म्हणून तिला हे नाव पडलेलं. हातात मेमो. एका आजोबांनी तक्रार केली होती, मुलगी उर्मटपणे बोलली म्हणून.

"काकू, मी पडद्यावर होतं तेच वाचलं हो!"

काकूंनी रेकॉर्डिंग लावलं. चिमणीचा आवाज अगदी मऊ. "आपण बॅटरी योग्य प्रकारे बसवली होती का?" पलीकडून आजोबा कडाडले, "म्हणजे? तेवढीही अक्कल नाही का मला?" चिमणीनं पुढची ओळ वाचली, "कृपया विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे." फोन आपटला गेला.

काकूंनी रेकॉर्डिंग थांबवलं. दोन्ही वाक्यं त्यांनी स्वतः लिहिलेली. इंग्रजीत तो साधा प्रश्न होता. मराठीत येताना त्याची उलटतपासणी झाली होती. आणि 'कृपया' लावलं की झालं सभ्य, असं धरून त्या पुढे गेल्या होत्या.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांना मराठी येत नसे.

"मेमो मागे घ्या. त्या पोरीनं स्वतःचा एक शब्दही वापरलेला नाही. ते वाक्य माझं आहे."

"पण भाषांतर तंतोतंत आहे. मी तपासून घेतलंय."

"शब्द तंतोतंत आहेत, साहेब. मान तेवढा वाटेत सांडलाय."

साहेब हसले नाहीत. "दोन्ही भाषांत एकच मजकूर हवा. तुम्ही वाट्टेल तसं बदललंत तर मी तपासू कसा? आणि मेमोचं म्हणाल, तर पुरावा आणा."

काकू पुराव्याच्या मागे हात धुऊन लागल्या. दोन दिवस कानाला हेडफोन लावून त्यांनी चाळीस फोन ऐकले. त्यातले अकरा त्याच बॅटरीच्या वाक्यावर तुटलेले. आणखीही बरंच सापडलं. वेबसाइट गिऱ्हाइकाला 'आपण' म्हणे, फोन कधी 'आपण' तर कधी 'तुम्ही', आणि मोबाइलवर जाणारा संदेश चक्क 'बॅटरी बदल' असा हुकूम सोडी. एकाच कंपनीची तीन तोंडं! 'मी मदत करू शकतो' हे वाक्य तर मुलींना रोज बोलता बोलता 'शकते' करावं लागे.

काकूंनी नियम ठरवला: सगळीकडे 'तुम्ही'. 'कृपया' शक्य तिथे काढायचं आणि आदर क्रियापदात आणायचा. बोलणारा बाई की पुरुष हे वाक्यात येऊच द्यायचं नाही. 'काय मदत हवी आहे?' एवढं पुरे. आणि यंत्र बंद पडलं तर आधी यंत्राबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही.

नवी वाक्यं घरी नवऱ्यावर चालवून पाहिली. निवृत्त बसचालक, चिडायला सदा तयार.

"बॅटरी कधीकधी उलटी बसते. एकदा बॅटरीचं झाकण उघडून बघता का? मी थांबते."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. "बघतो की. पण इतक्या गोडीत माझ्याशी कधी बोलली नाहीस."

"तुम्ही गिऱ्हाईक कुठे आहात?"

तरी 'मी थांबते' मध्ये बाई शिरलीच होती. काकूंनी ते खोडून 'घाई नाही, सावकाश बघा' केलं.

साहेबांसाठी त्यांनी तक्ता केला. पहिल्या रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी, चौथ्यात बदलाचं कारण. साहेब तिसरा रकाना वाचता वाचता थांबले.

"हे आपल्या मूळ इंग्रजीपेक्षा बरं आहे."

"मग मूळही बदला. म्हणजे दोन्हीकडे एकच होईल."

साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. अर्धे फोन जुन्या वाक्यांवर, अर्धे नव्या. जुन्यांवर बॅटरीपाशी पूर्वीसारखेच फोन तुटत राहिले. नव्यांवर दोनच तुटले, त्यातला एक लाइन गेल्यामुळे. चिमणीचा मेमो फाइलमधून निघाला. बॅटरीचं इंग्रजी वाक्यही बदललं.

सगळंच मनासारखं झालं नाही. 'यंत्र उघडल्यास वॉरंटी रद्द होईल' या ओळीला वकिलांनी हात लावू दिला नाही. काकू तीन वेळा भांडल्या. शेवटी तिच्याआधी एक ओळ घालायची परवानगी मिळाली: 'दुरुस्ती आमच्याकडे सोपवा, आम्ही काळजी घेऊ.'

तक्रार करणाऱ्या आजोबांना फोन करायचं काम काकूंनी मागून घेतलं. समोर पडदा नव्हता.

"त्या दिवशी जे बोललं गेलं ते वाक्य मी लिहिलं होतं. चुकलंच माझं."

आजोबांनी विचारलं, "ती मुलगी रडली नाही ना?"